सॅलरी स्लिप: ग्रॉस किती, हातात किती, आणि मधले पैसे गेले कुठे?

मी पगारपत्रकं बनवण्याचं काम करतो. आमची बहुतेक कामं नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांची. दर महिन्याला पगार झाला की पुढचे दोन-तीन दिवस त्याच त्याच प्रश्नांचे मेसेज येत राहतात. विचारणारे बहुतेक पहिल्या-दुसऱ्या नोकरीतले, पण वीस वर्षं काम केलेलेही असतात. ते प्रश्न इथे जमेल तसे त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. नियम महाराष्ट्रातले आहेत. व्यवसाय कर आणि कामगार कल्याण निधी दुसऱ्या राज्यात वेगळे असतात.

सीटीसी, ग्रॉस आणि इन-हँड हे तीन आकडे वेगळे का असतात?

सीटीसी म्हणजे तुमच्यामुळे कंपनीचा वर्षाला होणारा एकूण खर्च. त्यात तुमच्या खात्यात कधीच न येणारे पैसेही धरलेले असतात: कंपनीचा पीएफमधला हिस्सा, नोकरी सोडताना एकरकमी मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीची तरतूद, मेडिक्लेमचा हप्ता. हे सगळं वजा केलं की उरतो तो ग्रॉस, म्हणजे कंपनीने त्या महिन्याचा पगार म्हणून मान्य केलेली पूर्ण रक्कम. स्लिपच्या डाव्या बाजूला बेसिक, एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता, स्पेशल अलाउन्स अशा ओळी असतात, त्यांची बेरीज म्हणजे ग्रॉस. उजव्या बाजूला कपाती असतात: तुमचा पीएफ, व्यवसाय कर, लागू असेल तर ईएसआय म्हणजे कामगार विमा योजनेची वर्गणी, आणि आयकर. ग्रॉसमधून कपाती गेल्या की हातात येणारा पगार उरतो.

म्हणजे पैसे दोन ठिकाणी कमी होतात. पहिल्यांदा सीटीसीवरून ग्रॉसवर येताना, आणि ही वजाबाकी स्लिपवर बहुधा दिसतच नाही. दुसऱ्यांदा ग्रॉसवरून इन-हँडवर येताना, ती दिसते. लोकांचा गोंधळ होतो तो न दिसणाऱ्या वजाबाकीमुळे.

ऑफर लेटरमध्ये महिना 35,000 होते, खात्यात 29,708 आले. पाच हजार कुठे गेले?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून एक पूर्ण हिशेब करून दाखवतो. घणसोलीत राहणारी, महापेला पहिलीच नोकरी लागलेली एक मुलगी धरा. ऑफर वर्षाला 4,20,000, म्हणजे महिन्याला 35,000 सीटीसी.

ऑफर लेटरच्या मागच्या पानावर जोडपत्र असतं, ते बहुतेक जण वाचत नाहीत. तिच्या जोडपत्रात 35,000 मधून कंपनीचा पीएफ हिस्सा 1,800, पीएफचा प्रशासकीय खर्च आणि विम्याचे मिळून 150, ग्रॅच्युइटीची तरतूद 842 आणि मेडिक्लेमचे 500 धरले आहेत. एकूण 3,292. उरले 31,708, हा तिचा ग्रॉस. स्लिपवर तो बेसिक 17,500, एचआरए 7,000 आणि स्पेशल अलाउन्स 7,208 असा फोडलेला दिसेल.

आता उजवी बाजू. तिचा स्वतःचा पीएफ 1,800, व्यवसाय कर 200, एकूण 2,000. आयकर शून्य, कारण वर्षाचा पगार करपात्र मर्यादेच्या खूप खाली आहे. 31,708 मधून 2,000 गेले, हातात 29,708.

पाच हजार दोनशे ब्याण्णवांचा फरक आहे, पण ते सगळे पैसे गेलेले नाहीत. दोन्ही बाजूंचे मिळून 3,600 दर महिन्याला तिच्या नावावर पीएफ खात्यात जमा होतात. 842 ग्रॅच्युइटीचे पुढे मिळतील किंवा मिळणार नाहीत, ते नोकरी किती टिकते यावर आहे. खर्च म्हणून खरे गेले ते मेडिक्लेमचे 500, पीएफचे 150 आणि सरकारचे 200.

नवी ऑफर हातात आली की एचआरला एकच विचारा: "महिन्याचा ग्रॉस किती आणि पीएफ किती रकमेवर कापणार?" ही दोन उत्तरं मिळाली की इन-हँड तुम्ही स्वतः काढू शकता.

पीएफ 12 टक्के असतो म्हणतात, मग 17,500 बेसिकवर 2,100 न कापता 1,800 का कापला?

12 टक्के बरोबर आहे, पण ते कशावर, हे महत्त्वाचं. पीएफ बेसिक आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेवर मोजतात. कायद्याने सक्तीची मर्यादा 15,000 रुपये आहे आणि ती 1 सप्टेंबर 2014 पासून चालत आली आहे. 15,000 चे 12 टक्के म्हणजे 1,800. बेसिक त्याहून जास्त असला तरी कंपनी 15,000 वरच थांबू शकते. काही कंपन्या पूर्ण बेसिकवर भरतात. दोन्ही कायदेशीर आहे.

फरक कुठे पडतो ते पाहा. वरच्या मुलीच्या कंपनीने पूर्ण 17,500 वर पीएफ भरायचं ठरवलं असतं, तर दोन्ही हिस्से 2,100 चे झाले असते. सीटीसी तेवढीच राहिल्यामुळे कंपनीच्या हिश्शाचे जादा 300 ग्रॉसमधून गेले असते आणि तिच्या हिश्शाचे 300 कपातीत. म्हणजे हातात जवळपास 600 कमी, आणि पीएफ खात्यात 600 जास्त. सारख्याच सीटीसीच्या दोन ऑफर आल्या आणि एकीचा इन-हँड कमी दिसला, तर बऱ्याचदा कारण हेच असतं. कमी इन-हँडची ऑफर वाईट आहे असं लगेच धरू नका.

माझ्याच पगारातून दोन वेळा पीएफ कापतात. हे बरोबर आहे का?

स्लिप नीट पाहिल्याशिवाय हो किंवा नाही म्हणता येत नाही, कारण यात तीन प्रकार येतात.

पहिला प्रकार वरच्या उदाहरणातला. कंपनीचा हिस्सा सीटीसीत धरलेला, पण ग्रॉसमध्ये नाही. स्लिपवर तुमचा 1,800 एकदाच दिसतो. ऑफर देताना हे स्पष्ट सांगितलेलं असेल तर यात गैर काही नाही.

दुसऱ्या प्रकारात स्लिपच्या डाव्या बाजूला कंपनीचा पीएफ 1,800 मिळकत म्हणून दाखवतात आणि उजवीकडे 3,600 कापतात. दिसायला भयंकर, पण आधी मिळवलेलेच वजा केले आहेत. हातात येणारी रक्कम तेवढीच राहते. मला ही पद्धत आवडत नाही, कारण ग्रॉस फुगलेला दिसतो आणि ईएसआय किंवा व्यवसाय कराची मर्यादा पाहताना गोंधळ होतो.

तिसरा प्रकार मात्र चुकीचा आहे. डावीकडे कंपनीचा हिस्सा कुठेच मिळवलेला नाही आणि उजवीकडे मात्र 3,600 कापलेत. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायला पीएफ कायद्यात स्पष्ट मनाई आहे. पीएफ लागू झाला म्हणून चालू पगार कमी करणंही चालत नाही. टीटीसीतल्या छोट्या युनिटमध्ये "आता पीएफ सुरू केलाय, म्हणून पगार दोन हजारांनी कमी" असं सांगितलेलं मी पाहिलं आहे. अशा वेळी आधीची आणि आताची, दोन्ही महिन्यांच्या स्लिप जपून ठेवा. तक्रार कुठे करायची ते खाली "पीएफ कापला पण पासबुकात नाही" या प्रश्नात आहे.

बेसिक कमी असेल तर पीएफ कमी कापला जातो, मग कमी बेसिकच चांगला नाही का?

या महिन्यापुरतं पाहिलं तर हातात थोडे जास्त येतात, हे खरं. पण पीएफ, ग्रॅच्युइटी आणि बहुतेक ठिकाणी रजेचे पैसेही बेसिकवर मोजतात. बेसिक 9,000 असेल तर कंपनी पीएफमध्ये 1,080 च भरते. 15,000 असता तर 1,800 भरावे लागले असते. दर महिन्याचे 720 तुमच्या खात्यात येत नाहीत, आणि त्यावरचं व्याजही नाही. 2024-25 साठी पीएफचा व्याजदर 8.25 टक्के होता. बँकेत एवढं सुरक्षित व्याज सहज मिळत नाही.

माझा बेसिक 9,000 आणि स्पेशल अलाउन्स 12,000 आहे. पीएफ फक्त 9,000 वर कापणं चालतं का?

बहुतेक वेळा नाही. 28 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सगळ्या कामगारांना सरसकट दिला जाणारा भत्ता हा मूळ पगाराचाच भाग आहे आणि त्यावर पीएफ भरायला हवा. भत्ता एखाद्याच्या जास्त कामाशी किंवा उत्पादनाशी जोडलेला असेल, तो सगळ्यांना मिळत नसेल, तर गोष्ट वेगळी. एचआरए यात धरत नाहीत. तुमचं 12,000 चं स्पेशल अलाउन्स दर महिन्याला, सगळ्यांना, काही अट न घालता मिळत असेल, तर 9,000 आणि 12,000 मिळून 21,000 होतात. मर्यादा 15,000 ची, म्हणून पीएफ 1,800 व्हायला हवा, 1,080 नाही.

याच दिशेने आणखी एक बदल झाला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यातल्या व्याख्येनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या अर्ध्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. त्यामुळे बेसिक मुद्दाम बारीक ठेवण्याचा फायदा कंपन्यांना आता कमी झाला आहे. ज्यांचा पीएफ आधीच 15,000 वर, म्हणजे 1,800 कापला जातो, त्यांच्या पीएफमध्ये आणि इन-हँडमध्ये यामुळे फरक पडायचं कारण नाही. "नवीन कायद्यामुळे पगार कमी झाला" असं कोणी सांगितलं तर आधी स्वतःच्या स्लिपवरचा पीएफ पाहा.

पासबुकात माझे 1,800 आहेत, पण कंपनीचे फक्त 550. बाकीचे 1,250 कोणी खाल्ले?

कोणी खाल्ले नाहीत, ते पेन्शन योजनेत गेले. कंपनीच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के पेन्शनमध्ये जातात, तेही जास्तीत जास्त 15,000 वर, म्हणजे 1,250. उरलेले 550 तुमच्या पीएफमध्ये. पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो, तिथे हे 1,250 दिसतात. त्यांच्यावर पीएफसारखं व्याज चढत नाही. दहा वर्षांची नोकरी झाली की पेन्शनचा हक्क मिळतो.

माझ्या मैत्रिणीच्या पासबुकात पेन्शनचा रकाना शून्य आहे आणि माझ्यात 1,250. पगार सारखाच. कोणाचं चुकलंय?

कदाचित कोणाचंच नाही. पीएफमध्ये पहिल्यांदा 1 सप्टेंबर 2014 नंतर आलेल्या आणि येतानाच ज्यांचा पीएफसाठीचा पगार 15,000 पेक्षा जास्त होता, त्यांना पेन्शन योजनेत घेत नाहीत. त्यांच्यासाठी कंपनीचे पूर्ण 1,800 पीएफमध्येच जातात. घणसोलीची मुलगी याच गटात येते. तुम्ही आधी कमी पगारावर लागून पेन्शन योजनेत आला असाल आणि नंतर पगार वाढला असेल, तर तुमचं सदस्यत्व सुटत नाही, 1,250 जातच राहतात.

अडचण येते ती उलट बाबतीत: पात्र नसताना एचआरने चुकून 1,250 पेन्शनमध्ये पाठवले तर. नोकरी सोडून पैसे काढायला गेलात की दावा अडकतो, आणि तेव्हा जुन्या कंपनीकडून दुरुस्ती करून घेणं फार कटकटीचं असतं. म्हणून पहिल्या वर्षातच पासबुक उघडून हा रकाना पाहा आणि चूक असेल तर नोकरीत असतानाच एचआरकडे लेखी मागणी करा.

मला पीएफ नकोच आहे. नाही म्हणता येतं का?

एकाच परिस्थितीत. तुम्ही कधीच पीएफचे सदस्य नव्हता आणि नोकरीला लागतानाच बेसिक व महागाई भत्ता 15,000 पेक्षा जास्त आहे, तर फॉर्म 11 वर तसं जाहीर करून बाहेर राहता येतं. आधीच्या नोकरीत पीएफ कापला गेला असेल आणि ते खातं चालू असेल, तर नव्या ठिकाणीही कापला जाणारच. मध्येच सोडण्याची सोय नाही. आणि सीटीसीत कंपनीचा हिस्सा धरलेला असेल तर बाहेर राहिल्यावर ते 1,800 ग्रॉसमध्ये मिळवून देणार का, हे आधी लेखी घ्या. नाहीतर तुम्ही पीएफही गमवाल आणि तो पैसाही.

फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 का कापला?

महाराष्ट्रात महिना 10,000 पेक्षा जास्त पगार असलेल्या पुरुषांना अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300 असा कर लागतो. वर्षाचे बरोबर 2,500 होतात, आणि राज्यघटनेच्या कलम 276 नुसार यापेक्षा जास्त व्यवसाय कर घेताच येत नाही. 7,501 ते 10,000 पगाराला 175. महिलांना 1 एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत काहीच नाही, त्यावर 200 आणि फेब्रुवारीत 300. 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलेच्या स्लिपवर हा कर दिसला तर लगेच सांगा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ही चूक अजून होते.

जूनच्या स्लिपवर 25 रुपयांची एक अनोळखी कपात आहे.

तो महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातून तुमचे 25 आणि कंपनीचे 75. उदाहरणातल्या मुलीला त्या दोन महिन्यांत 29,683 येतील.

आयकर कधी कापायला लागतात?

2025-26 या वर्षासाठी नव्या करप्रणालीत 75,000 ची प्रमाणित वजावट धरून 12,75,000 पर्यंतच्या पगारावर कर येत नाही. तुमचा वर्षाचा अंदाजित पगार त्याखाली असेल आणि इतर काही उत्पन्न नसेल तर टीडीएस शून्य हवा. जुनी प्रणाली निवडून घरभाडं, विमा वगैरे जाहीर केलं आणि जानेवारीत पावत्या दिल्या नाहीत, तर राहिलेला सगळा कर फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून एकदम जातो. मार्चचा पगार अर्धा आला असे फोन येतात, त्यातल्या बहुतेकांचं कारण हे असतं.

मी ठाण्यात भाड्याने राहतो, ऑफिस बीकेसीला. एचआरएची सूट बेसिकच्या 50 टक्के धरायची की 40?

40. हा टक्का तुमचं भाड्याचं घर कुठे आहे त्यावरून ठरतो, ऑफिस कुठे आहे त्यावरून नाही. सूट देताना 50 टक्के मुंबईसाठी आहेत. ठाणे, नवी मुंबई, पनवेल त्यात येत नाहीत, भाडं मुंबईइतकंच असलं तरी. आणि हे सगळं फक्त जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांसाठी. नव्या प्रणालीत एचआरएची सूटच नाही, त्यामुळे तिथे एचआरए हा पगाराचा एक साधा भाग उरतो.

सात दिवस बिनपगारी रजा झाली. पगार सात दिवसांचा कापला, पण हिशेब जुळत नाही.

कारण सगळ्या ओळी एकसारख्या कमी होत नाहीत. घणसोलीच्या मुलीचंच घेऊ, महिना तीस दिवसांचा. तिला 23 दिवसांचा पगार मिळेल. ग्रॉस 31,708 चा 24,309 होतो. बेसिक 17,500 चा 13,417 होतो. तिची कंपनी पीएफ फक्त बेसिकवर मोजते असं धरू. बेसिक आता 15,000 च्या खाली आला, म्हणून पीएफ 1,800 ऐवजी 13,417 च्या 12 टक्क्यांनी 1,610 कापला जातो. ग्रॉस 25,000 च्या खाली गेल्यामुळे महिला म्हणून तिचा त्या महिन्याचा व्यवसाय करही शून्य. हातात 22,699.

तीनच दिवस रजा असती तर बेसिक 15,750 राहिला असता, म्हणजे मर्यादेच्या वरच, आणि पीएफ 1,800 च राहिला असता. म्हणून "तीन दिवस कापले पण पीएफ तेवढाच कसा?" याचं उत्तरही यातच आहे. कंपनी 30 ने भागते, महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी की 26 ने, हे मात्र एचआर धोरणात पाहा. तिथे फरक पडतो.

माझा पगार जुलैत 22,000 झाला. ईएसआयची मर्यादा 21,000 आहे ना, मग अजून का कापतात?

ईएसआयची वर्षं दोन सहामाह्यांत मोजतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. सहामाही सुरू होताना तुम्ही आत असलात तर ती संपेपर्यंत आतच राहता. तुम्हाला सप्टेंबरअखेर 0.75 टक्के, म्हणजे 22,000 वर 165 लागतील, आणि ऑक्टोबरपासून थांबतील. कंपनी 3.25 टक्के भरते. ओव्हरटाइमबद्दल एक बारीक गोष्ट: मर्यादा ओलांडली की नाही हे पाहताना ओव्हरटाइम धरत नाहीत, पण वर्गणी कापताना धरतात. म्हणून भरपूर ओव्हरटाइम केलेल्या महिन्यात ईएसआय जास्त जातो आणि तुम्ही तरीही योजनेतच राहता. घरात आजारपण चालू असेल तर हा फायदाच आहे.

सीटीसीत ग्रॅच्युइटी धरली आहे. दोन वर्षांत नोकरी सोडली तर ते पैसे मिळतात का?

कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ही अट नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेनुसार एक वर्ष पुरेसं आहे. हिशेब असा: शेवटचा मासिक बेसिक, गुणिले 15, भागिले 26, गुणिले पूर्ण वर्षं. 17,500 वर पाच वर्षांचे सुमारे 50,481 होतात. दोन वर्षांत सोडलं तर दर महिन्याचे ते 842 फक्त कागदावर होते. दोन ऑफर ताडून पाहताना ग्रॅच्युइटी बाजूला काढून ठेवणंच बरं.

स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो, पण पासबुकात काहीच नाही. आता काय करू?

आधी तारीख पाहा. एका महिन्याचा पीएफ कंपनीने पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो, आणि पासबुकात दिसायला त्यानंतर काही दिवस लागतात. जूनचा पीएफ जुलैच्या अखेरीस दिसला तर काळजीचं कारण नाही. पासबुक passbook.epfindia.gov.in वर किंवा उमंग ॲपवर यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक, टाकून पाहता येतं. नोंदवलेल्या मोबाइलवरून 9966044425 ला मिस्ड कॉल दिला तर शिल्लक मेसेजने येते.

दोन महिने उलटूनही नोंद नसेल, तर पीएफच्या संकेतस्थळावर Establishment Search मध्ये कंपनीचं नाव टाका. कंपनीने कोणत्या महिन्याचे किती पैसे, किती कामगारांसाठी भरले ते तिथे कोणालाही पाहता येतं. कंपनीने त्या महिन्याचं काहीच भरलेलं नसेल तर गोष्ट गंभीर आहे. भरलंय, पण तुमच्या पासबुकात नाही, तर बहुधा तुमच्या नावाने दुसरा यूएएन तयार झालाय किंवा यादीतून नाव राहिलंय. त्यासाठी एचआरशी बोलणं पुरतं.

भरलंच नसेल तर epfigms.gov.in वर तक्रार करा. सोबत त्या महिन्यांच्या स्लिप आणि पगार जमा झाल्याचं बँकेचं पान जोडा. सदस्य क्रमांकाची सुरुवात पाहा: THTHA असेल तर ठाण्याचं पीएफ कार्यालय, THVSH असेल तर वाशीचं. तक्रार तिकडेच जायला हवी. कामगाराच्या पगारातून कापून तो पीएफ न भरणं हा फौजदारी विश्वासघात धरला जातो. कायद्याने उशिरावर 12 टक्के व्याज आणि वर दंडही लागतो. बऱ्याच कंपन्या तक्रार क्रमांक पाहूनच भरतात, म्हणून संकोच करू नका.

मी कंत्राटदाराकडे आहे. तो म्हणतो, कंत्राटी कामगारांना पीएफ नसतो.

खोटं आहे. कंत्राटी कामगारही पीएफ कायद्यात येतो, आणि कंत्राटदाराने भरला नाही तर ज्या कंपनीत तुम्ही प्रत्यक्ष काम करता तिच्यावर जबाबदारी येते. ती कंपनी मग कंत्राटदाराच्या बिलातून वसूल करते. म्हणून तक्रारीत कंत्राटदाराबरोबर मुख्य कंपनीचंही नाव द्या. कोणत्या गेटने आत जाता, कोणत्या विभागात काम करता, तेही लिहा. गेट पासचा फोटो, हजेरी कार्डाचा फोटो, खात्यात पगार आल्याचं पान यांतलं जे असेल ते जोडा. पगार रोख मिळत असेल तर पुढच्या महिन्यापासून खात्यात मागा. ठेका बदलला की नवा कंत्राटदार नवा यूएएन काढायला बघतो, तेव्हा त्याला जुनाच यूएएन द्या. नाहीतर आधीच्या ठेक्यातली वर्षं वेगळ्या खात्यात अडकतात आणि पेन्शनच्या दहा वर्षांत मोजली जात नाहीत.